न दिसणारा १६०

कांद्याच्या आवकेचा एक छोटा तक्ता घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण घोळ खरा आहे आणि रोज कुठल्या ना कुठल्या ऑफिसात होतो. एका वेबसाइटवरून तीन बाजारांची आवक कॉपी करून एक्सेलमध्ये पेस्ट केली: लासलगाव १२,४०० क्विंटल, पिंपळगाव बसवंत ९,१५० आणि कऱ्हाड १,२५०. नावं A कॉलममध्ये आली, आकडे B कॉलममध्ये. खाली बेरजेचा फॉर्म्युला टाकला. उत्तर यायला हवं २२,८००. आलं ९,१५०.

शून्य आलं असतं तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. ९,१५० हा आकडा मात्र खपून जातो. तीनऐवजी तीनशे ओळी असतील, तर बेरीज एवढीच का, असा प्रश्न पडायचं काही कारणच नसतं. शेजारच्या शीटमधून प्रत्येक बाजाराचा जिल्हा आणायला VLOOKUP लावला, तर लासलगावसमोर #N/A येतं. दोन्ही शीटवर ‘लासलगाव’ लिहिलेलं डोळ्यांना स्पष्ट दिसतंय, तरी एक्सेल म्हणतं, असं नाव नाही. अशा वेळी बहुतेक जण फॉर्म्युला तपासत बसतात. रेंज पुन्हा देतात, डॉलरची चिन्हं लावतात, शेवटी FALSE होतं की TRUE हे बघतात. फॉर्म्युला बरोबरच असतो. गडबड सेलच्या आत असते आणि ती दिसत नाही.

लासलगाव या शब्दाच्या शेवटी एक कोरी जागा चिकटून आली आहे. १२,४०० आणि १,२५० यांच्याही शेवटी तशीच एकेक आहे. त्यामुळे हे दोन आकडे एक्सेलच्या लेखी आकडे नाहीत, मजकूर आहेत. SUM मजकुराकडे लक्ष देत नाही, कसलीही तक्रार न करता तो वगळतं आणि उरलेल्या एकट्या ९,१५०ची ‘बेरीज’ आपल्यापुढे ठेवतं. हे ओळखायची साधी युक्ती आहे. एका रिकाम्या सेलमध्ये COUNT लावायचं आणि दुसऱ्यात COUNTA. COUNT फक्त आकडे मोजतं, COUNTA भरलेले सगळे सेल मोजतं. इथे पहिलं १ सांगेल आणि दुसरं ३. दोन्हींत फरक आला की काही आकडे मजकूर झालेत हे नक्की. आकडे सेलमध्ये डावीकडे सरकलेले दिसणं हीही तीच खूण, पण कॉलमला आधीच मधोमध किंवा उजवीकडे मांडणी दिलेली असेल तर ती पुसली जाते. COUNTचं तसं होत नाही.

यावर सल्ला ठरलेला असतो: CLEAN लाव. एक्सेलमध्ये या नावाचं फंक्शन आहेच, आणि नाव ऐकून ते सगळी घाण काढेल असं वाटतं. लासलगावच्या सेलवर ते लावून बघितलं, तर काहीही बदलत नाही. VLOOKUP तसंच #N/A दाखवत राहतं. मग TRIM लावून बघतात. तेही शब्दाच्या मागच्यापुढच्या स्पेस काढण्यासाठीच असतं. तरीही फरक नाही. दोन फंक्शनं लावूनही कोरी जागा जागच्या जागी राहते, तेव्हा माणूस वैतागून सगळी नावं हाताने पुन्हा टाइप करायला घेतो. त्याची गरज नाही, पण त्यासाठी CLEAN नेमकं काय काढतं हे माहीत हवं.

त्याची गोष्ट टेलिप्रिंटरच्या काळापर्यंत मागे जाते. १९६३ साली अमेरिकेत ॲस्की हे मानक ठरलं. त्यात प्रत्येक चिन्हाला ० ते १२७ यांपैकी एक क्रमांक मिळाला. त्यातले ० ते ३१ हे बत्तीस क्रमांक अक्षरांसाठी नव्हतेच, ते यंत्राला द्यायचे हुकूम होते. ७ म्हणजे घंटी वाजव. १० म्हणजे कागद एक ओळ वर सरकव. १३ म्हणजे छापणारा गाडा ओळीच्या सुरुवातीला ने. ९ म्हणजे टॅब. हे हुकूम कागदावर छापले जात नसत, म्हणून ती न छापली जाणारी चिन्हं. एका संगणकाची फाइल दुसऱ्यावर उघडली की असे हुकूम मजकुरात अडकून यायचे, आणि ते उचलून टाकण्यासाठी CLEAN आहे. त्याचं क्षेत्र तेवढंच, ० ते ३१. गंमत म्हणजे त्याच ॲस्कीतला १२७ क्रमांकही न छापला जाणाराच आहे. छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवर चूक झाली की त्या जागी सातही छिद्रं पाडून ते अक्षर बाद करत, ती ही १२७ची खूण. ती मात्र CLEANच्या हाती लागत नाही, कारण यादी ३१ला संपते.

आपल्या लासलगावला चिकटलेल्या जागेचा क्रमांक १६० आहे. ॲस्कीत एवढे क्रमांकच नव्हते. १२७च्या पुढची घरं नंतरच्या मानकांनी भरली, आणि १९८७च्या आयएसओ ८८५९-१ या मानकात १६० या घरात एक खास स्पेस आहे: ओळ न तुटू देणारी. कीबोर्डवरच्या लांब पट्टीने उमटते ती साधी स्पेस, तिचा क्रमांक ३२. साध्या स्पेसपाशी ओळ संपली तर पुढचा शब्द खालच्या ओळीत जातो. १६०पाशी तसं होत नाही, दोन्ही बाजूंचे शब्द एकत्रच राहतात. ‘५ किलो’मधला ५ एका ओळीत आणि किलो दुसऱ्या ओळीत जाऊ नये, हा तिचा मूळ उपयोग. पुढे युनिकोडनेही तिला तोच क्रमांक ठेवला.

वेबवर तिचं पेव फुटलं ते दुसऱ्याच कारणाने. ब्राउझर लागोपाठ आलेल्या साध्या स्पेस एकत्र करून एकच दाखवतो. दहा दिल्या तरी एकच. त्यामुळे मजकूर थोडा आत सरकवायचा असेल तर पानं बनवणारे &nbsp; असं लिहू लागले. एचटीएमएलमध्ये १६० लिहायची ती पद्धत. ही स्पेस ब्राउझर गिळत नाही. जुने ब्राउझर तक्त्यातल्या रिकाम्या घराला चौकट काढत नसत, म्हणून त्या घरातही &nbsp; टाकायची रीत पडली. शिवाय वेबसाइटवर मजकूर भरायच्या खिडकीत कुणी लागोपाठ दोनदा स्पेस दाबली, की ती खिडकी पुष्कळदा आपणहून त्यातली एक १६० करून टाकते. भरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. पुढे हजार लोक तो तक्ता कॉपी करतात आणि प्रत्येकाकडे ती स्पेस जाते.

आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करून मग एक्सेलमध्ये न्यायचा उपाय बरेच जण करतात. त्याने अक्षरांचे रंग, ठळकपणा, लिंका निघून जातात. १६० निघत नाही. ती सजावट नाही, मजकुरातलं एक चिन्ह आहे, त्यामुळे नोटपॅड तिला ‘ल’ किंवा ‘व’सारखंच जपून ठेवतं.

आता CLEAN आणि TRIM का हरले ते सरळ कळतं. CLEANचं क्षेत्र ३१पर्यंत, आणि TRIM फक्त ३२ ओळखतं. १६० दोघांच्याही पलीकडे. तिसरं फंक्शन लागतं ते SUBSTITUTE, ज्याला कुठलं चिन्ह शोधायचं आणि त्या जागी काय ठेवायचं हे आपण सांगतो. ते आपणहून काहीच ओळखत नाही. म्हणून आत नेमकं काय आहे हे आधी बघावं लागतं.

पहिली तपासणी LENची. हे फंक्शन सेलमधली चिन्हं मोजतं. मराठी मजकुरावर ते वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी: LEN काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळं वेगळं मोजतं. लासलगाव हा शब्द वाचताना पाच अक्षरांचा, पण दोन काने धरून LEN ७ सांगतं. तो आकडा बघून दचकायचं कारण नाही. शेजारच्या सेलमध्ये तोच शब्द स्वतः टाइप करून त्याचंही LEN काढायचं आणि दोन्हींची तुलना करायची. टाइप केलेल्याचं ७ आणि वेबवरून आलेल्याचं ८ आलं, म्हणजे एक चिन्ह जादा आहे. ते शेवटचंच असावं, म्हणून त्याचा क्रमांक विचारायचा:

```
=UNICODE(RIGHT(A2,1))
```

उत्तर १६०. चोर सापडला. यासाठी CODE हे जुनं फंक्शनही पुष्कळ जण सुचवतात, आणि १६०पुरतं ते विंडोजवर चालतंही. पण जुन्या सारणीत नसलेल्या चिन्हांना ते सरसकट ६३ म्हणतं, आणि ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह. देवनागरी अक्षरांनाही तेच उत्तर मिळतं. एक्सेल २०१३पासून आलेलं UNICODE खरा क्रमांक सांगतं, म्हणून मराठी शीटवर तेच वापरावं.

पिंपळगाव बसवंतपाशी मात्र LENही फसवतं. टाइप केलेल्या नावाचं LEN १४, वेबवरून आलेल्याचंही १४. तरी VLOOKUP जुळत नाही. इथे जादा काहीच नाही, अदलाबदल झाली आहे: दोन शब्दांमधली स्पेस ३२ऐवजी १६० आहे. अशा वेळी शब्द सुटा करून प्रत्येक चिन्ह बघावं लागतं. D2मध्ये पुढचा फॉर्म्युला लिहून तो उजवीकडे वीसेक कॉलमांपर्यंत आणि मग खालीही ओढायचा:

```
=IFERROR(UNICODE(MID($A2,COLUMN(A1),1)),"")
```

प्रत्येक सेलमध्ये एकेका चिन्हाचा क्रमांक येतो. लासलगावच्या ओळीत २३५४, २३६६, २३६०, २३५४, २३२७, २३६६, २३५७ असे ल, काना, स, ल, ग, काना, व ओळीने उभे राहतात आणि शेवटी १६०. पिंपळगावच्या ओळीत आठ चिन्हांनंतर नववं १६०. देवनागरीची सगळी चिन्हं २३०४ ते २४३१ या पट्ट्यात येतात, त्यामुळे मराठी नावांच्या ओळीत त्याबाहेरचा आकडा लगेच नजरेत भरतो. ३२ असेल तर ती साधी स्पेस, चालेल. १० किंवा १३ असेल तर ओळ तोडण्याचा हुकूम. १६० तर आपल्या ओळखीचा. आठ हजारांच्या घरातला एखादा आकडा दिसला, तर त्याची गोष्ट वेगळी, ती पुढे येतेच.

आता सफाई. सगळ्यात आतून सुरुवात करायची: १६०च्या जागी साधी स्पेस ठेवायची, मग CLEAN, मग TRIM.

```
=TRIM(CLEAN(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," ")))
```

क्रम महत्त्वाचा आहे. TRIMला फक्त साधी स्पेस दिसते, म्हणून १६०चं रूपांतर TRIMच्या आधी व्हायला हवं. TRIM आत आणि SUBSTITUTE बाहेर असा उलटा फॉर्म्युला लिहिला, तर लासलगावच्या शेवटी १६०ऐवजी ३२ उरते आणि VLOOKUP पुन्हा हात वर करतं. UNICHARऐवजी CHAR(160) लिहिलेलं अनेक ठिकाणी आढळतं. विंडोजवर ते चालतं. मॅकवरच्या एक्सेलमध्ये CHAR वेगळी सारणी वापरतं आणि तिच्यात हीच स्पेस २०२ क्रमांकावर असते. ऑफिसात दोन्ही प्रकारचे संगणक असतील तर एकाचा फॉर्म्युला दुसऱ्याकडे चालत नाही, आणि का चालत नाही हे कुणाला सांगता येत नाही. UNICHAR(160) दोन्हीकडे सारखंच उत्तर देतं.

१६०च्या जागी स्पेस ठेवायची, की काहीच ठेवायचं नाही? नुसतं "" लिहिलं तर लासलगाव स्वच्छ होतं, पण पिंपळगाव बसवंतचं ‘पिंपळगावबसवंत’ होतं. नावांसाठी स्पेस ठेवावी. शेवटची जादा स्पेस TRIM उचलतं, शब्दांमधली एक राखून ठेवतं, आणि मध्ये दोन-तीन असतील तर त्यांची एक करतं.

अशीच एक चूक CLEANकडूनही होते, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. CLEAN चिन्ह काढतं, त्या जागी काही ठेवत नाही. एखाद्या वेबसाइटवरून उतरवलेल्या सीएसव्ही फाइलमध्ये पत्ता एकाच सेलमध्ये दोन ओळींत असतो: वर ‘स्टेशन रोड’, खाली ‘लासलगाव’. मध्ये १० क्रमांकाचा हुकूम. CLEAN लावलं की सेलमध्ये उरतं ‘स्टेशन रोडलासलगाव’. हजार पत्त्यांमध्ये असे शेकडो शब्द एकमेकांना चिकटले, तर ते पुन्हा सुटे करायला सूत्र नाही, कारण कुठे तोडायचं याची खूणच पुसली गेली. म्हणून CLEANच्या आधी १०लाही स्पेस करून घ्यायचं:

```
=TRIM(CLEAN(SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," "),CHAR(10)," ")))
```

दोन SUBSTITUTE एकात एक बसवलेले आहेत. आतला १६० बदलतो, बाहेरचा १०. विंडोजच्या फाइलींत १०च्या आधी बहुधा १३ही असतो. तो CLEAN काढून टाकतं, आणि १०ची स्पेस झालेली असल्यामुळे शब्द सुटेच राहतात.

आकड्यांच्या कॉलमला वेगळा फॉर्म्युला लागतो. SUBSTITUTE, CLEAN आणि TRIM या तिघांचंही उत्तर नेहमी मजकूरच असतं, समोर अंक दिसत असले तरी. वरचा फॉर्म्युला B कॉलमला लावला तर १६० निघून जाईल, पण आता मधला ९,१५०सुद्धा मजकूर होईल आणि बेरीज थेट शून्यावर येईल. पुष्कळ जण इथे येऊन थांबतात आणि सफाईचा उपयोग झाला नाही असं समजतात. एवढंच राहिलेलं असतं की उत्तर VALUEमधून काढायचं:

```
=VALUE(TRIM(CLEAN(SUBSTITUTE(B2,UNICHAR(160),""))))
```

इथे १६०च्या जागी मुद्दाम काहीच ठेवलेलं नाही. फ्रान्ससारख्या काही देशांत हजारांच्या गटात स्वल्पविराम न घालता जागा सोडतात, आणि तिथल्या वेबसाइटवर ती जागा न तुटणारी असू शकते. आकड्याच्या पोटात स्पेस कामाची नाही, म्हणून ती पूर्ण काढलेली बरी. आपला फॉर्म्युला C2मध्ये लिहून खाली ओढला की १२४००, ९१५० आणि १२५० असे तीन खरे आकडे येतात. COUNT आता ३ सांगतं, बेरीज २२,८०० येते.

VALUE कुठे लावायचं नाही, हेही तितकंच नीट समजून घ्यायला हवं. बँकेचा खाते क्रमांक ० ने सुरू होत असेल तर VALUE तो शून्य खाऊन टाकतं. सोळा अंकी क्रमांक असेल तर शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल आकड्याचे पंधराच अंक नेमके सांभाळतं. असे क्रमांक अंकांनी लिहिलेली नावंच असतात, त्यांची कधी बेरीज होत नाही. त्यांना नावांचाच फॉर्म्युला लावावा. तारखांच्या कॉलममध्ये काही तारखा आधीच नीट आल्या असतील, तर त्यांना हे सगळं लावूच नये. एक्सेल तारीख आकड्याच्या रूपात साठवतं. १ जानेवारी २०२५ म्हणजे त्याच्या लेखी ४५६५८. TRIMमधून बाहेर पडताना तारीख तो आकडा होऊन येते.

आता कऱ्हाड. त्याच्या आकड्याची १६० तर निघाली, पण नावाच्या ओळीत चिन्हांचे क्रमांक काढल्यावर ८२०५ असा एक आकडा दिसतो. वर म्हटलेला आठ हजारांच्या घरातला पाहुणा हाच.

युनिकोडमध्ये शून्य रुंदीची काही चिन्हं आहेत. ती अजिबात जागा घेत नाहीत, त्यामुळे डोळ्यांना कोरी जागाही दिसत नाही. ८२०३ ही शून्य रुंदीची स्पेस. लांबलचक शब्द किंवा पत्ता कुठे तोडला तर चालेल हे ब्राउझरला कळावं म्हणून ती घालतात. ६५२७९ हे फाइलच्या अगदी सुरुवातीला असणारं चिन्ह, ते कधीकधी पहिल्या सेलला चिकटून येतं. CLEAN यांतलं काहीच काढत नाही. ही दोन्ही SUBSTITUTEने खुशाल काढावीत, त्यांच्या जागी काही न ठेवता, कारण शब्दाच्या मध्ये स्पेस पडली तर शब्दच तुटेल:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,UNICHAR(8203),""),UNICHAR(65279),"")
```

इंग्रजी मजकुरासाठी लिहिलेल्या तयार फॉर्म्युल्यांत याच ओघात ८२०४ आणि ८२०५ हेही काढून टाकलेले आढळतात. मराठी शीटवर तो फॉर्म्युला जसाच्या तसा उचलला तर नुकसान होतं. ८२०५ हे जोडणारं चिन्ह आहे, आणि मराठीतला अर्धा र, म्हणजे कऱ्हाड, वऱ्हाड, दऱ्या, सुऱ्या यांतला आडवा र, दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर, क्रमांक २३५३, आणि त्यापुढे हलन्त, २३८१. दुसऱ्या प्रकारात साधा र, २३५२, मग हलन्त, मग ८२०५. कुठला प्रकार येईल हे टाइप करणाऱ्याच्या कीबोर्डवर अवलंबून असतं. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. दुसऱ्या प्रकारातला ८२०५ काढला की उरतो साधा र आणि हलन्त, आणि लगेच त्याचा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. कऱ्हाडचं ‘कर्हाड’ होतं. दऱ्यांचं ‘दर्यां’ होतं, आणि डोंगरातल्या दऱ्या समुद्रावर जाऊन पोहोचतात. आचाऱ्यांना पाठवायचं निमंत्रण आचार्यांना जातं. एक्सेल यावर काहीच म्हणत नाही, कारण त्याच्या दृष्टीने एक चिन्ह काढायला सांगितलं होतं आणि ते निघालं. ८२०४चंही असंच आहे. ते जोडाक्षर होऊ न देता पायमोडकं अक्षर दाखवायला लागतं. मराठी मजकुरात यांपैकी काही आढळलं तर त्याला हात लावण्याआधी शब्द वाचून बघायलाच हवा.

तरीही कऱ्हाडचा प्रश्न उरतोच. वेबवरून आलेला ८२०५वाला कऱ्हाड आणि आपल्या शीटवरचा २३५३वाला कऱ्हाड EXACTने ताडून पाहिले तर उत्तर FALSE येतं. दिसायला एक, साठवायला दोन. इथे काढून टाकण्यासारखं काही नाही, सगळीकडे एकच प्रकार ठेवायला हवा. SUBSTITUTEला एकाच चिन्हाऐवजी तीन चिन्हांचा गटही देता येतो, आणि ते या कामाला अगदी चपखल बसतं:

```
=SUBSTITUTE(A2,UNICHAR(2352)&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),
 UNICHAR(2353)&UNICHAR(2381))
```

र, हलन्त आणि ८२०५ असे तिघे सलग आले तरच ते बदलतात. त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त येतात. शब्दाचं रूप जसंच्या तसं राहतं, LEN मात्र सातावरून सहावर येतं. बाकी कुठल्याही ८२०५ला धक्का लागत नाही. मतदारांच्या, विद्यार्थ्यांच्या, सभासदांच्या याद्या दोन ठिकाणांहून येऊन एकत्र करायच्या असतील, तर कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे अशा आडनावांसाठी हा फॉर्म्युला दोन्ही याद्यांना लावावा. एकाच यादीला लावून भागत नाही. १६०च्या सफाईचंही तेच. वेबवरून आलेली यादी स्वच्छ केली, पण जिच्यात शोधायचं ती जुनी यादी कधीकाळी वेबवरूनच आलेली असेल, तर #N/A कायम राहतं.

फॉर्म्युला नको असेल, एकदाच सफाई करायची असेल, तर Ctrl+H दाबून उघडणाऱ्या खिडकीतूनही १६० काढता येते. ज्या सेलमध्ये ती आहे तिथे F2 दाबायचं, शब्दाच्या शेवटची कोरी जागा निवडून कॉपी करायची आणि वरच्या शोधायच्या चौकटीत पेस्ट करायची. अंकांची वेगळी पट्टी असलेल्या कीबोर्डवर Alt धरून त्या पट्टीवर 0160 दाबूनही ती उमटते. ओळ तोडणारा १० शोधायचा तर त्याच चौकटीत Ctrl+J. तिथे काही दिसत नाही, पण ते चिन्ह तिथे असतं. खालच्या चौकटीत साधी स्पेस द्यायची, किंवा आकड्यांचा कॉलम असेल तर ती रिकामी सोडायची. या पद्धतीत एक सोय अशी की १६० निघाल्यावर एक्सेल तो सेल नव्याने वाचतं, आणि सेलला मजकुराचा फॉरमॅट दिलेला नसेल तर १२,४०० आपोआप आकडा होतो, VALUE लागत नाही. पण खाते क्रमांकांच्या कॉलमवर हीच सोय उलटते, सुरुवातीची शून्यं जातात. शिवाय मूळ मजकूरच बदलतो. त्यामुळे फक्त हवा तो कॉलम निवडून मगच बदल करावा, आणि आधी शीटची एक प्रत काढून ठेवावी.

फॉर्म्युल्याची वाट धरली असेल, तर शेवटी एक काम उरतं. C कॉलममधले स्वच्छ आकडे अजून B कॉलमवर अवलंबून आहेत. B कॉलम काढून टाकला की तिथे #REF! येतं. म्हणून C कॉपी करून त्याच जागी Paste Special मधून Values म्हणून पेस्ट करायचा, आणि मगच B काढायचा. रोज नवा तक्ता येणार असेल तर याच्या उलट करणं सोयीचं: एक शीट फक्त वेबवरून आलेल्या कच्च्या मजकुरासाठी ठेवायची, दुसऱ्या शीटवर फॉर्म्युले. सकाळी पहिल्या शीटवर नवा तक्ता पेस्ट केला की दुसरीवर स्वच्छ तक्ता तयार. तिथेच एका कोपऱ्यात COUNT आणि COUNTA शेजारी शेजारी ठेवावेत. फॉर्म्युला आधीच्या रिकाम्या ओळींपर्यंत ओढलेला असेल तर तिथे VALUE चूक दाखवेल आणि COUNTA तीही मोजेल, म्हणून COUNTA कच्च्या शीटच्या कॉलमवर लावायचं आणि COUNT स्वच्छ कॉलमवर. दोन्ही सारखे आले नाहीत, तर वेबसाइटने त्या दिवशी एखादं नवं चिन्ह पाठवलं आहे. त्या ओळीवर UNICODEचा फॉर्म्युला पुन्हा ओढायचा आणि त्याचा क्रमांक SUBSTITUTEला सांगायचा.